दारावर बोर्ड होता, पण दार उघडं होतं: हवेतून पसरणाऱ्या आजाराच्या पेशंटची एक केस

ठाण्यातलं मध्यम आकाराचं खाजगी हॉस्पिटल, मेडिकल वॉर्ड, ऑगस्ट महिना. पन्नाशीतले एक काका, एमआयडीसीत नोकरी, महिनाभर खोकला, रात्री घाम, वजन उतरलेलं, आणि ॲडमिशनच्या कागदावर लिहिलेलं निमोनिया. सहा बेडच्या जनरल क्युबिकलमध्ये ते दोन रात्री होते, कारण एक्सरेत वरच्या भागात पोकळीसारखं काहीतरी दिसतंय हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, पण 'थुंकीचा रिपोर्ट येऊदे मग बघू' असं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी सीबीनॅट, म्हणजे थुंकीतून टीबीचे जंतू शोधणारी तपासणी, पॉझिटिव्ह आला, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला रेझिस्टन्स नाही, म्हणजे त्या औषधाला बधणारा फुफ्फुसाचा टीबी. काकांना बाजूच्या सिंगल रूममध्ये हलवलं, दारावर लाल अक्षरात बोर्ड लावला, निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोटिफिकेशन केलं आणि वॉर्डला वाटलं झालं आपलं काम.

मी तिथे इन्फेक्शन कंट्रोल बघते. रूमच्या आसपास नुसतं उभं राहून बघायला सुरुवात केली तेव्हा जे दिसलं त्याचीच ही नोंद, कारण बोर्ड काय लिहायचा यावर सगळीकडे बोलतात पण तो कुठे लावला आणि त्याखाली माणसं प्रत्यक्षात काय करतात हे कमी ठिकाणी बघितलं जातं.

बोर्ड ए-फोर आकाराचा, लॅमिनेट केलेला, मजकूर एवढाच: 'आयसोलेशन. अनावश्यक प्रवेश निषिद्ध.' लावलेला दाराच्या बाहेरच्या अंगाला, छान मधोमध. आणि दार आतल्या बाजूला उघडणारं, दिवसभर सताड उघडं, खाली ऑक्सिजनच्या रिकाम्या सिलिंडरचा टेकू. म्हणजे बोर्डाचं तोंड रूमच्या आत. कॉरिडॉरमधून येणाऱ्याला तो दिसतच नव्हता, आत शिरून उघड्या दाराकडे वळून बघितलं तरच दिसणार. सकाळच्या वेळेत लॅबचा मुलगा रक्त घ्यायला गेला, डाएटच्या ताई ट्रे घेऊन गेल्या, फिजिओ मॅडम गेल्या, तिघांच्याही तोंडावर काही नाही, आणि विचारलं तर तिघांचं उत्तर एकच, 'आम्हाला कुठे काय दिसलं?' खरंच होतं त्यांचं.

दार उघडं का ठेवता हे विचारल्यावर आधी 'पेशंट गुदमरतो' वगैरे आलं, मग रात्रीच्या सिस्टरने खरं कारण सांगितलं. बेडची कॉलबेल बंद होती. काका ऑक्सिजनवर, सॅच्युरेशन मॉनिटरचा आवाज बंद दारातून स्टेशनपर्यंत येत नाही, आणि दाराच्या काचेवर कुठल्यातरी जुन्या कॅम्पचे स्टिकर चिकटवलेले असल्यामुळे बाहेरून आतलं दिसतही नाही. मग सिस्टर दार बंद करणार कशी? तिच्या जागी कोणीही असतं तर उघडंच ठेवलं असतं. म्हणून 'दार बंद ठेवा' हा नवा कागद चिकटवायच्या आधी मेंटेनन्सकडून बेल दुरुस्त करून घेतली, काच ब्लेडने खरवडून साफ केली, मॉनिटरच्या अलार्मचा आवाज वाढवला, दाराला हायड्रॉलिक क्लोजर बसवला. सिलिंडर मात्र दोनदा परत आला, शेवटी तो त्या मजल्यावरूनच हलवायला लागला :)

आता हवा. टीबीचे जंतू खोकल्यातून बाहेर पडणाऱ्या बारीक थेंबांतून येतात, थेंबातलं पाणी सुकून जातं आणि जे उरतं ते इतकं हलकं असतं की तासन्‌तास तरंगत राहतं, पंख्याबरोबर फिरतं, एसीबरोबर फिरतं. त्यामुळे अशा रूममधली हवा बाहेर मोकळ्यावर गेली पाहिजे, कॉरिडॉरमध्ये येता कामा नये. मोठ्या हॉस्पिटलात यासाठी निगेटिव्ह प्रेशर रूम असते, म्हणजे आतली हवा सतत खेचून बाहेर टाकली जाते, त्यामुळे रूममधला दाब कॉरिडॉरपेक्षा कमी राहतो, आणि नव्या बांधकामात तासाला 12 वेळा हवा बदलावी असं धरतात. आमच्याकडे तशी रूम नव्हती. होती ती साधी सिंगल रूम, पश्चिमेची खिडकी, एक स्प्लिट एसी.

स्प्लिट एसीबद्दल वॉर्डात ठाम गैरसमज होता की एसी चालू आहे म्हणजे हवा बदलतेय. तो आतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत आत सोडतो, बाहेरची हवा आणत नाही. उलट एसी लावला की खिडकी बंद होते, म्हणजे जी काही हवा बदलत होती तीही थांबते.

खिडकी उघडली तर? सिस्टर म्हणाली उघडतोच ना आम्ही मधेमधे. पण ऑगस्टमध्ये ठाण्यात वारा येतो पश्चिमेकडून, जोरात, आणि तो थेट त्या खिडकीतून आत घुसून दारातून कॉरिडॉरमध्ये जातो. म्हणजे खिडकी उघडली की रूममधली सगळी हवा वॉर्डात. आम्ही हे उदबत्तीने बघितलं, पण रिकाम्या रूममध्ये. हे नीट वाचा, कारण ऑक्सिजन चालू असलेल्या पेशंटच्या दाराशी उदबत्ती लावायचा उत्साह कोणी दाखवू नये, आग लागेल. पेशंट एक्सरेला खाली गेलेला असताना ऑक्सिजनचे पॉइंट बंद करून, दार बंद करून, दाराखालच्या फटीशी बाहेरच्या बाजूला उदबत्ती धरली. धूर आत जायला हवा. तो सरळ आमच्या पायांकडे कॉरिडॉरमध्ये आला, आणि खिडकी जितकी जास्त उघडू तितका जास्त आला. चार सिस्टर आणि दोन मावश्या बघत होत्या, त्यानंतर त्या वॉर्डात हवेवर वेगळं लेक्चर द्यायला लागलं नाही.

त्याच दिवशी काकांना पूर्वेच्या टोकाच्या रूममध्ये हलवलं, जिथे वारा खिडकीवर आपटत नाही. खिडकीच्या वरच्या तावदानात 12 इंची एक्झॉस्ट फॅन बसवला. मेंटेनन्सवाल्यांनी आधी तो बाथरूमकडून डक्टमध्ये सोडायचं सुचवलं होतं कारण काम सोपं, पण त्या डक्टमध्ये वरखालच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात, तिथे ही हवा सोडण्यात अर्थ नव्हता. पूर्वेला खाली मागचा रस्ता, जवळ कोणाची खिडकी नाही, एसीची बाहेरची हवा घेणारी तोंडं नाहीत, म्हणून तिकडे. फॅन चालू करून दार बंद करून परत रिकाम्या रूममध्ये उदबत्ती, धूर दाराखालून आत गेला. पेशंट आत असताना रोजची तपासणी टिश्यू पेपरच्या बारीक पट्टीने करायची ठरली, फटीशी धरायची, पट्टी आत ओढली गेली की ठीक, बाहेर फडफडली की इनचार्जला फोन. प्रत्येक शिफ्टला एकदा, ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या शिफ्टला काम सोपवताना, आणि रजिस्टरमध्ये 'आत' किंवा 'बाहेर' एवढाच शब्द.

एसीचं काय करायचं यावर थोडी ओढाताण झाली. काका दमट हवेत घामाघूम व्हायचे आणि मग स्वतःच उठून दार उघडायचे. त्यामुळे एसी चालेल पण एक्झॉस्ट चालू आणि दार बंद असेल तरच, असं ठरलं. रूम तेवढी गार होत नाही, बिल वाढतं, पण दार बंद राहतं.

आता बोर्ड. पहिली गोष्ट, तो दारावरून उतरवला आणि दाराच्या कडीच्या बाजूच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावला. दार उघडं असो बंद असो, तो दिसतोच, आणि हात कडीकडे जाताना नजर तिथूनच जाते. मजकूर आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत, कारण आमच्याकडे केरळच्या सिस्टर आहेत, हाऊसकीपिंगमध्ये उत्तर प्रदेशची मुलं आहेत, नातेवाईक बहुतेक मराठी. मराठी मजकूर असा:

थांबा. या खोलीत हवेतून पसरणाऱ्या आजाराची खबरदारी आहे.
1. आधी नर्सिंग स्टेशनला सांगा.
2. एन-95 मास्क इथे बाहेरच घाला.
3. आत जा आणि दार लगेच बंद करा.
4. बाहेर या, दार बंद करा, मगच मास्क काढा. हात स्वच्छ करा.

यात आजाराचं नाव नाही आणि ते मुद्दाम. जुन्या बोर्डावर कोणीतरी मार्करने कोपऱ्यात 'टीबी' लिहून ठेवलं होतं, आणि शेजारच्या पेशंटचा मुलगा त्याचा फोटो काढताना सापडला. काकांच्या सोसायटीत कोणाला काय कळावं हे काका ठरवतील. आत जाणाऱ्या माणसाला आजाराचं नाव कळून काही फायदा होत नाही, कुठला मास्क आणि कधी काढायचा हे कळलं पाहिजे. स्टाफला नाव केसपेपरमध्ये मिळतंच.

चित्रावरून मात्र गंमत झाली. पहिल्या प्रिंटमध्ये डिझाइनवाल्याने मास्कचं जे चित्र टाकलं ते निळ्या घड्यांच्या सर्जिकल मास्कचं होतं, बाजूला लिहिलेलं एन-95. मी एका मावशींना विचारलं, 'मावशी, यात काय सांगितलंय ते करून दाखवा', त्यांनी खिशातला सर्जिकल मास्क काढला आणि घातला. त्यांचं बरोबर, चित्रच तसं. मग आमच्याच टेबलावरच्या कपासारख्या, दोन पट्ट्यांच्या मास्कचा फोटो काढून छापला. सर्जिकल मास्क बाजूने मोकळा असतो, आपण श्वास घेतो तो कडेच्या फटीतून, त्यामुळे पेशंटच्या तोंडावर तो चालतो (खोकल्याचे थेंब अडवतो), आत जाणाऱ्याच्या तोंडावर पुरत नाही.

आणि टेबल, हो. बोर्ड म्हणतोय एन-95 इथे घाला, आणि एन-95 कुठे? इनचार्जच्या कपाटात, कुलूप लावून, कारण मास्क गायब होतात. रात्री किल्ली सुपरवायझरकडे. मग रात्रीच्या आरएमओने एकावर एक दोन सर्जिकल घालून राउंड घेतला तर त्याला काय बोलणार. आता दाराबाहेर छोटं टेबल, त्यावर दोन साइझचे एन-95, सॅनिटायझर, कागदी पिशव्या आणि एक सही करायचा कागद. सही सुरू झाल्यापासून गायब होणं बरंच कमी झालंय, बंद झालंय असं नाही म्हणणार.

मास्क घालण्यात ज्या चुका दिसल्या त्या ठराविकच. दोन्ही पट्ट्या मानेवर (वरची डोक्यावर मागे उंच, खालची कानांखाली मानेवर हवी), नाकाची क्लिप एका हाताने चिमटून टोकदार केलेली (दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत न्यायची), आत सर्जिकल घालून वर एन-95, त्याने सगळं सील जातं. घातल्यावर दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा, नाकाच्या किंवा गालाच्या कडेने वारा लागला तर परत बसवायचा, चष्मा धुरकटत असेल तर वरून गळतंय. आमच्या एका वॉर्डबॉयला दाढी होती आणि दाढीवर हे सील बसतच नाही, कितीही आवळा. त्याला दाढी काढ म्हणून सांगायची पाळी आणली नाही, त्याची ड्युटी दुसऱ्या बाजूला दिली. तोच मास्क एका शिफ्टमध्ये परत वापरला तरी चालतो, कागदी पिशवीत नाव लिहून ठेवायचा, प्लास्टिकमध्ये नाही कारण ओलसर राहतो, आणि भिजला, मळला, पट्टी सैल झाली की टाकायचा.

स्टाफचा कागद एका पानाचा केला आणि तो स्टेशनवर न लावता ओव्हर देतानाच्या फाइलमध्ये पहिलं पान म्हणून ठेवला. त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ वरच आहे: संशय आला की बोर्ड लावायचा, आणि तो कुठलीही सिस्टर लावू शकते, डॉक्टरांच्या ऑर्डरची किंवा रिपोर्टची वाट बघायची नाही. काढायचा मात्र डॉक्टर आणि इन्फेक्शन कंट्रोल दोघांच्या सहीने. काकांच्या केसमध्ये ज्या दोन रात्री जनरल क्युबिकलमध्ये गेल्या त्या या एका ओळीच्या अभावी गेल्या, आणि त्यामुळे बाजूच्या पाच बेडचे पेशंट, त्यांचे नातेवाईक आणि तेव्हाचा सगळा स्टाफ यांची यादी करून पुढचा फॉलोअप लावायला लागला. त्यात एक बाई डायबेटिसच्या, एक जण स्टेरॉइडवर, त्यांना आधी बोलावलं.

त्या पानावर बाकी काय आहे? पेशंटला सीटीला न्यायचं असेल तर आधी सीटीला फोन, दिवसातला शेवटचा स्लॉट, पेशंटला सर्जिकल मास्क, लिफ्ट रिकामी. थुंकीचा नमुना टॉयलेटमध्ये नाही, मोकळ्यावर गच्चीच्या कोपऱ्यात, जवळ कोणी उभं राहायचं नाही. नातेवाईक एकावेळी एकच, लहान मुलं नाहीत, मास्क सिस्टरने घालून दाखवायचा.

काय करायचं नाही हेही लिहावं लागलं, कारण भीतीमुळे जास्तीचं खूप चाललं होतं. काकांचं जेवण दाराबाहेर स्टुलावर ठेवून मावशी निघून जायच्या, ताट-वाटी वेगळी बांधलेली, बीपी घ्यायला जाताना गाऊन, दोन-दोन ग्लोव्ह्ज, बुटांवर कव्हर. टीबी ताटातून, चादरीतून, हात लावल्याने पसरत नाही, हवेतून पसरतो, तर या केसमध्ये नेहमीच्या खबरदारीवर फक्त मास्क आणि हवा यांची भर. गाऊनच्या खटाटोपामुळे उलट व्हायचं काय, की सिस्टर आत जायचंच टाळायच्या, दुपारचा ऑक्सिजन चेक राहून गेला एकदा, ते चार्टवर दिसतंय. गाऊन बंद केल्यावर आत जाणं वाढलं.

बोर्डाचा दुसरा अर्धा भाग दाराच्या आतल्या अंगाला आहे, आणि तो सगळीकडे विसरला जातो. आत लिहिलंय: 'मास्क अजून काढू नका.' कारण लोक बाहेर पडायच्या दोन पावलं आधी, दाराशी उभं राहून, हाताने मास्क खाली ओढतात, म्हणजे रूमच्या हवेतच. त्याच्याखाली काकांसाठी मोठ्या अक्षरात: 'बाहेर यायचं असेल तर बेल दाबा, हा मास्क घाला', आणि खाली खिळ्याला सर्जिकल मास्कचं पाकीट.

काकांचा खोकला कमी झाला, ताप गेला, ऑक्सिजन सुटला, घरी राहून औषधं चालू ठेवायचं ठरलं, घरी लहान बाळ नाही याची खात्री करून डिस्चार्ज दिला. आता इथे वॉर्डाची घाई असते, पुढचा पेशंट कॅज्युअल्टीत बसलाय, मावशी बादली घेऊन तयार, कोणीतरी बोर्ड काढून टाकतं. पेशंट गेला तरी हवा लगेच साफ होत नाही. रूम 12 बाय 14 फूट, उंची 10, म्हणजे साधारण 48 घनमीटर. फॅनच्या खोक्यावर ताशी 900 घनमीटर लिहिलंय, पण जाळी, पावसाची झडप, दाराखालची अरुंद फट यातून तेवढं कधीच जात नाही, म्हणून आम्ही तिसरा हिस्सा धरला, 300. 300 भागिले 48, म्हणजे तासाला साधारण 6 वेळा हवा बदलते. 6 वेळांच्या हिशोबाने 99.9 टक्के कण निघून जायला 69 मिनिटं लागतात, तेही हवा नीट मिसळतेय असं धरून. म्हणून नियम सव्वा तासाचा: डिस्चार्जची वेळ बोर्डावरच पेनाने लिहायची, फॅन चालू, दार बंद, सव्वा तास संपेपर्यंत आत जायचं तर एन-95 घालूनच. मग साफसफाई, मग बोर्ड काढून परत कपाटात. जुना बोर्ड पेशंट गेल्यावरही आठवडाभर तसाच लटकत असायचा, आणि ज्या दारावर कायम बोर्ड असतो त्याकडे कोणी बघत नाही.

पंधरवड्याने त्याच रूममध्ये कांजिण्यांचा एक तरुण मुलगा आला आणि सिस्टरने तोच बोर्ड लावला. तिथे तो अपुरा पडतो. कांजिण्या हवेतूनही पसरतात आणि फोडांतल्या पाण्याला हात लागूनही, म्हणून गाऊन-ग्लोव्ह्ज पण हवेत, आणि ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत, लसही नाही, विशेषतः गरोदर सिस्टर, त्यांनी मास्क घालूनही आत जायचं नाही, सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. त्याचा वेगळा बोर्ड आता केलाय, पिवळ्या कागदावर, आणि त्यातली पहिली ओळ आहे, 'तुम्हाला कांजिण्या झाल्यात किंवा लस घेतलीय का? माहीत नसेल तर आत जाऊ नका, इनचार्जला विचारा.' त्यासाठी स्टाफपैकी कोणाला झाल्यात आणि कोणाला नाही याची यादी हवी, ती सध्या अर्धीच झालीय, कारण निम्म्या जणींनी उत्तर दिलंय की आईला विचारून सांगते.